स्नेहसंमेलन : पडद्यामागची व्यवस्था

अफजलपूर हे कलबुर्गी जिल्ह्यातील भीमाकाठचे तालुक्याचे गाव. देवल गाणगापूर याच तालुक्यात असल्यामुळे महाराष्ट्र व गोव्यातील दत्तभक्तांना हा परिसर परिचित आहे. अक्कलकोट तालुक्याला लागून असलेल्या या भागात घरी मराठी, शाळेत कन्नड आणि बाजारात उर्दूमिश्रित हिंदी बोलणारी मुले एकाच वर्गात बसतात. अशा गावातील शाळेचे वार्षिक स्नेहसंमेलन साधारणपणे मैदानावर उभारलेल्या तात्पुरत्या रंगमंचावर, थंडीच्या दिवसांत, सायंकाळी होते. तेथे रंगपट नसतो आणि विंगेच्या नावाखाली कनातीचा एक आडोसा असतो. मुलांना थांबण्यासाठी शाळेचे वर्गच वापरावे लागतात. पडद्यामागची आखणी या मर्यादा मान्य करूनच करावी लागते.

थांबण्याची जागा

सर्व कलाकार मुलांना एकाच मोठ्या खोलीत बसवणे सोयीचे वाटते, परंतु गोंधळाचा उगम तेथेच असतो. लेझीमची काठी एका मुलाच्या हातून दुसऱ्याकडे जाते, पागोटी व पैंजण यांची अदलाबदल होते आणि कोणता गट पूर्ण आहे हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक कार्यक्रमासाठी स्वतंत्र खोली द्यावी. खोल्या अपुऱ्या असतील तर दोन कार्यक्रमांस मिळून एक खोली द्यावी. मात्र ते दोन कार्यक्रम क्रमाने एकमेकांपासून दूर असावेत. म्हणजे एक गट बाहेर पडताना दुसऱ्या गटाची धावपळ नसते.

खोलीच्या दारावर कार्यक्रमाचा क्रमांक आणि एक ठळक चित्र लावावे. पहिली-दुसरीतील मुलाला कन्नड किंवा मराठी पाटी वाचता येईलच असे नाही, परंतु मोराचे चित्र असलेली खोली आपली हे त्याला कळते. तेच चित्र त्याच्या मनगटावरील फितीवर असावे. जानेवारीतील रात्री झिरझिरीत पोशाखात बसलेली मुले गारठतात, म्हणून प्रत्येकाने घरून शाल किंवा स्वेटर आणावा आणि तो विंगेत जाईपर्यंत अंगावर ठेवावा. खाणे पोशाख चढवण्यापूर्वी उरकावे. शौचालयासही त्याच वेळी नेऊन आणावे, कारण नऊवारी नेसवल्यानंतर ते काम दहापट अवघड होते.

पोशाख बदलण्याचे गणित

एकच मुले दोन कार्यक्रमांत असली की खरी अडचण उभी राहते. समजा, संमेलन सहा वाजता सुरू झाले. प्रत्येक कार्यक्रम पाच मिनिटांचा आणि मधली आवराआवर दोन मिनिटांची, म्हणजे प्रत्येकास सात मिनिटे लागतात. चौथ्या क्रमांकाच्या लेझीममधील १२ मुली आठव्या क्रमांकाच्या कोळीनृत्यातही आहेत. लेझीम ६.२६ ला संपेल आणि कोळीनृत्य ६.४९ ला सुरू होईल. कागदावर २३ मिनिटे दिसतात. परंतु मुलींनी एक कार्यक्रम आधी, म्हणजे ६.४२ ला, विंगेत असले पाहिजे. उरली १६ मिनिटे. रंगमंच ते वर्ग जाण्यास दोन व येण्यास दोन मिनिटे वजा केली की हाती १२ मिनिटे राहतात.

एका मुलीचा पोशाख बदलण्यास पाच मिनिटे लागतात असे धरले, तर तीन मदतनीस बायांना प्रत्येकी चार मुली येतात आणि २० मिनिटे लागतात. आठ मिनिटे कमी पडतात. ही तूट आधी लक्षात आली नाही तर ती रंगमंचावर, निवेदकाच्या लांबलेल्या बोलण्यातून, सर्वांना दिसते.

उपाय तीन आहेत. पहिला, मदतनीस सहा करणे. प्रत्येकीकडे दोन मुली, दहा मिनिटांत काम पूर्ण. दुसरा, कोळीनृत्य नवव्या क्रमांकावर नेणे. हाती १९ मिनिटे येतात आणि चार मदतनीस १५ मिनिटांत काम उरकतात. तिसरा, आतला पोशाख आधीच चढवून वरचा फक्त उतरवणे. पण त्यात मुली घामाघूम होतात आणि लेझीमच्या हालचालींत आतले कापड बाहेर डोकावते. शक्य तेथे क्रम बदलणे हाच सर्वांत स्वस्त उपाय. पाच मिनिटांचा अंदाजही रंगीत तालमीत घड्याळ लावून तपासावा. बटणांऐवजी चिकटपट्टी, टाचण्यांऐवजी आधी शिवून घेतलेल्या निऱ्या असल्या तर हा वेळ बराच घटतो. प्रत्येक मुलीचा दुसरा पोशाख, दागिने व टिकलीचे पाकीट तिच्या नावाच्या एकाच पिशवीत असावे. उतरवलेला पोशाख त्याच पिशवीत परत जावा.

क्रमाचा पुकारा

मराठी नाटकाच्या तीन घंटा सर्वांना ठाऊक आहेत. पडद्यामागेही तीनच पायऱ्या पुरतात. तीन कार्यक्रम आधी 'तयार' : खोलीत हजेरी घेऊन मुले रांगेत उभी करणे. एक कार्यक्रम आधी 'विंगेत' : गट आडोशामागे आणणे. निवेदन सुरू होताच 'रंगमंच' : पहिल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून सोडणे. त्यामुळे विंगेत कधीही एकाच गटाची मुले असतात.

पुकारा ध्वनिक्षेपकावरून करू नये. प्रेक्षकांतील पालक उठतात आणि खोलीतल्या मुलांना आवाज ऐकूही जात नाही. त्यासाठी दोन चपळ मोठे विद्यार्थी असावेत, आणि त्यांपैकी एकाला तरी कन्नड व मराठी दोन्ही सफाईने बोलता यावे. क्रम बदलला, पाहुणे उशिरा आले वा भाषण लांबले, तर बदल करण्याचा अधिकार विंगेतील एकाच शिक्षकाकडे असावा. त्याने आपल्या यादीवर खूण केल्याशिवाय निवेदकाने पुढचे नाव घेऊ नये.

देखरेख

प्रत्येक गटास एक शिक्षक शेवटपर्यंत बांधलेला असावा. त्याला निवेदन वा पाहुण्यांची सरबराई देऊ नये. मुले मोजण्याच्या वेळा ठरलेल्या असाव्यात : खोलीतून निघताना, विंगेत आणि परतल्यावर. आकडा जुळला नाही तर पुढचे पाऊल थांबवावे. मुलामुलींच्या खोल्या पहिलीपासूनच वेगळ्या असाव्यात. पोशाख बदलण्याच्या खोलीत किमान दोन प्रौढ असावेत, आणि मोबाइल बाहेर टोपलीत ठेवावेत. छायाचित्राची हौस पालकांनी रंगमंचासमोर भागवावी. परत नेताना मूल पालकाच्या किंवा लेखी नाव दिलेल्या नातेवाइकाच्याच हाती द्यावे. लांबच्या वस्तीवरून टेम्पोने आलेल्यांची यादी वेगळी ठेवावी.

एक काळजी याहून गंभीर आहे. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या वार्षिक समारंभात मंडपाला आग लागून चारशेहून अधिक लोकांचा बळी गेला. त्यांत मुलांची संख्या मोठी होती. रंगमंचामागे तारा, दिवे, कापड आणि मुले एकाच ठिकाणी असतात. म्हणून कनातीला मागच्या बाजूने थेट मैदानात उघडणारी वाट असावी आणि ती पेट्यांनी वा खुर्च्यांनी कधीही अडू नये. वीज गेली तर शिक्षकाने विजेरी लावून मुलांना जागीच बसवावे. अंधारात पळणारी मुलेच तारांत अडकतात. धूर दिसला मात्र बसवणे नाही : पोशाख, पिशव्या सोडून त्याच वाटेने बाहेर, मोजणी मैदानात. रंगीत तालमीच्या दिवशी मुलांना ही वाट एकदा चालवून आणली, तर त्या रात्री ती शोधावी लागत नाही.