सौर जलतापकाची छतावरील उभारणी

सौर जलतापकाची छतावरील उभारणी म्हणजे सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापविणारे संयंत्र (बोलीभाषेत सोलर किंवा सौरबंब) सपाट अथवा उतरत्या छतावर पक्क्या सांगाड्याच्या आधारे बसविण्याचे काम होय. या कामात तीन गोष्टी साधाव्या लागतात. भरलेल्या टाकीचा भार छताला पेलला पाहिजे, रिकामे संयंत्रही वाऱ्याने उचलले जाता कामा नये, आणि ते छताला जखडताना पाण्याला आत शिरण्यास वाट मिळता कामा नये. या तिन्ही गरजा परस्परांना छेद देतात. वाऱ्यासाठी वजन वाढविले तर छतावरचा भार वाढतो, आणि वजनाऐवजी खिळवून ठेवायचे ठरविले तर जलरोधक थर भेदावा लागतो. उभारणीचे बहुतेक दोष हा मेळ न बसल्यामुळे निर्माण होतात.

== मांडणी ==

घरगुती संयंत्रात उष्णता गोळा करणारे संग्राहक, गरम पाण्याची आवरणयुक्त टाकी आणि दोहोंना धरणारा लोखंडी सांगाडा असे भाग असतात. पंपाशिवाय चालणाऱ्या प्रकारात तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढते. त्यामुळे टाकी संग्राहकांच्या वर असावी लागते. सपाट संग्राहकांच्या संयंत्रात टाकीचा तळ संग्राहकाच्या वरच्या कडेपेक्षा सुमारे ३० सेंटिमीटर उंच ठेवतात, अन्यथा रात्री प्रवाह उलटा फिरून पाणी थंड होते. म्हणजेच संयंत्रातील सर्वांत जड वस्तू सर्वांत उंच जागी येते.

भारतात संग्राहकांचे तोंड दक्षिणेकडे ठेवतात. हिवाळ्यात अधिक ऊन मिळावे म्हणून त्यांचा कल स्थानिक अक्षांशापेक्षा १० ते १५ अंशांनी जास्त असतो. पुण्याचा अक्षांश सुमारे १८.५ अंश असल्याने तेथे ३० ते ३३ अंशांचा कल योग्य ठरतो.

== भाराची तपासणी ==

उदाहरणादाखल पुण्यातील एका घराच्या काँक्रीटच्या गच्चीवर २०० लिटरचे संयंत्र बसवायचे आहे असे मानू. त्यात प्रत्येकी २ चौरस मीटरचे दोन सपाट संग्राहक आहेत. पाण्याचे वजन २०० किलोग्रॅम, रिकामी टाकी ६०, दोन्ही संग्राहक ८० आणि सांगाडा ४०, असे एकूण ३८० किलोग्रॅम होतात. संयंत्राने व्यापलेली जागा सुमारे २ मीटर रुंद आणि २.५ मीटर लांब, म्हणजे ५ चौरस मीटर आहे. भार दर चौरस मीटरला ७६ किलोग्रॅम येतो. भारतीय मानक ८७५ (भाग २) नुसार वावर असलेल्या सपाट छतासाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलोग्रॅम भार गृहीत धरतात. या हिशेबाने छत सुरक्षित दिसते.

परंतु ही सरासरी आहे. प्रत्यक्षात सगळा भार सांगाड्याच्या सहा पायांतून उतरतो आणि त्यातील मोठा वाटा टाकीखालच्या चार पायांवर येतो. म्हणून हे चार पाय शक्यतो तुळईच्या किंवा भार पेलणाऱ्या भिंतीच्या रेषेवर घेतात. स्लॅबच्या मध्यभागी, जेथे खाली मोठी खोली असते, तेथे टाकी उभी करणे टाळतात. थंड पाण्याची टाकी गरम टाकीपेक्षा उंच लागते, आणि ५०० लिटरची टाकी भरली की पाण्याचेच ५०० किलोग्रॅम होतात. या टाकीचा भार हिशेबात स्वतंत्र धरावा लागतो. ती त्याच खोलीच्या स्लॅबवर ठेवली तर वरील हिशेब कोलमडतो.

जुन्या वाड्यांतील लाकडी पाटणीवरची धाबी, सळया उघड्या पडलेली किंवा खालून फुगवटे आलेली काँक्रीटची छते यांना हा सर्वसाधारण हिशेब लागू पडत नाही. तेथे संरचना अभियंत्याकडून प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी लागते.

== वाऱ्याचा हिशेब ==

भार तपासताना टाकी भरलेली मानतात, तर वारा तपासताना ती रिकामी मानतात. प्रत्येक बाबतीत प्रतिकूल स्थिती धरली जाते. उत्तरेकडून आलेला वारा कललेल्या संग्राहकांच्या मागून शिरून त्यांना पंख्याच्या पात्यासारखे उचलू पाहतो.

भारतीय मानक ८७५ (भाग ३) मध्ये पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या ०.६ पट धरल्यास तो दर चौरस मीटरला सुमारे ९१३ न्यूटन, म्हणजे अंदाजे ९३ किलोग्रॅम येतो. चार चौरस मीटरवर हा जोर ३७२ किलोग्रॅम होतो. संग्राहक ३३ अंशांत कललेले असल्याने त्यापैकी सुमारे ३१२ किलोग्रॅम जोर वर उचलतो आणि २०३ किलोग्रॅम आडवा ढकलतो. इमारतीची उंची, परिसर आणि संग्राहकाचा आकार यांसाठीचे गुणांक येथे सोपेपणासाठी सोडून दिले आहेत. मुंबईसाठी मूळ वेग ४४ मीटर असल्याने तोच जोर तेथे सुमारे २७ टक्क्यांनी वाढतो.

रिकाम्या संयंत्राचे वजन १८० किलोग्रॅमच आहे. उचलणारा जोर सुरक्षिततेसाठी दीडपट धरल्यास ४६८ किलोग्रॅम होतो. म्हणजे आणखी २८८ किलोग्रॅम वजन हवे. सहा पायांखाली ३० सेंटिमीटर लांब-रुंद आणि २५ सेंटिमीटर उंच असे काँक्रीटचे ठोकळे नुसते ठेवले, तर प्रत्येकी ५४ प्रमाणे ३२४ किलोग्रॅम मिळतात. उचल थांबते, पण दोन नव्या अडचणी उभ्या राहतात. छतावरचा भार आता ७०४ किलोग्रॅम, म्हणजे दर चौरस मीटरला १४१ होतो आणि दुरुस्तीसाठी माणसांनी तेथे उभे राहण्यास जवळजवळ वाव उरत नाही. शिवाय जोराच्या झोतात उचल वजा जाता छतावर केवळ १९२ किलोग्रॅम वजन टेकलेले राहते. घर्षण त्याच्या निम्मे धरले तर ते ९६ किलोग्रॅम भरते, आणि आडवा जोर २०३ किलोग्रॅमचा आहे. संयंत्र उलटणार नाही, पण सरकेल, आणि सरकताना नळांचे सांधे तोडेल. म्हणून वजनापेक्षा स्लॅबशी पक्का सांधा अधिक उपयोगी ठरतो.

== सपाट छतावरील जखडण ==

महाराष्ट्रातील अनेक गच्च्यांवर स्लॅबच्या वर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. उतारानुसार त्याची जाडी साधारणतः १० ते १५ सेंटिमीटर भरते. त्यात १० सेंटिमीटरचा प्रसरण बोल्ट ठोकला तर तो स्लॅबपर्यंत पोहोचतच नाही. विटांच्या तुकड्यांत त्याला पकड मिळत नाही, आणि जलरोधक थराला मात्र भोक पडते. वरून घट्ट दिसणारा हा बोल्ट पहिल्या वादळात ढिला होतो आणि त्यानंतरच्या पावसात गळती सुरू होते.

योग्य पद्धतीत पायाच्या जागी कोबा चौकोनी कापून स्लॅब उघडा करतात. स्लॅब झाडून व धुऊन कोरडा झाल्यावर त्यात चार छिद्रे पाडून १० मिलिमीटर जाडीच्या सळया इपॉक्सीने बसवितात. घरगुती स्लॅब बहुधा १० ते १२ सेंटिमीटर जाड असल्याने छिद्रांची खोली ६ सेंटिमीटरच्या आसपास ठेवतात, म्हणजे ती आरपार जात नाहीत. छिद्रातील भुकटी फुंकून काढणे आवश्यक असते, कारण धुळीवर इपॉक्सी चिकटत नाही. या सळयांभोवती २० सेंटिमीटर लांब-रुंद आणि सुमारे ३० सेंटिमीटर उंच ठोकळा ओततात. पायाच्या पट्टीचे बोल्ट ओततानाच त्यात धरलेले असतात, त्यामुळे नंतर काहीही भोसकावे लागत नाही. ठोकळ्याचा माथा कोब्याच्या पृष्ठापासून किमान १५ सेंटिमीटर वर राहतो आणि पावसाचे पाणी बोल्टपर्यंत चढत नाही. असे सहा ठोकळे मिळून सुमारे १७३ किलोग्रॅम होतात. एकूण भार दर चौरस मीटरला सुमारे १११ किलोग्रॅमवर येतो, आणि उचल व सरकणे या दोन्हींना सळया आवर घालतात.

कोब्याचा काप पुन्हा भरताना जुन्या व नव्या भागांच्या सांध्यावर पॉलिमरयुक्त सिमेंटचे लेप देतात. ठोकळा व गच्ची यांच्या कोनात गोलाकार उतार काढतात, ज्याला गवंडी वाटा म्हणतात. काटकोनात लेपाला तडा जातो, गोलाकारात तो सलग राहतो. लेप ठोकळ्याच्या बाजूंवरही चढवितात.

== सांगाडा ==

सांगाडा लोखंडी कोनपट्ट्यांचा असतो. मागच्या उंच पायांमध्ये तिरपे आधार असणे आवश्यक आहे. ते नसल्यास आयताकृती सांगाडा वाऱ्यात समांतरभुजासारखा झुकतो. किनारपट्टीवर वेल्डिंग पूर्ण झाल्यानंतर संपूर्ण सांगाड्यावर जस्ताचा गरम मुलामा देतात. मुलाम्यानंतर वेल्डिंग केल्यास नेमक्या सांध्यावरचे जस्त जळते आणि गंज तेथूनच लागतो.

== उतरते छत ==

कोकण व गोव्यातील मंगळुरी कौलांच्या छतावर कौल स्वतः कोणताही भार घेत नाही. भार वाशांनी घ्यायचा असतो. यासाठी वाशाला स्क्रूने जखडलेला वाकडा लोखंडी आकडा दोन कौलांच्या ओळी जेथे एकमेकींवर चढतात त्या फटीतून बाहेर काढतात, आणि त्यावर संग्राहकाचे आडवे रूळ बसवितात. आकडा खालच्या कौलाला टेकू देत नाहीत, कारण वाऱ्याने हलताना तो कौल फोडतो. आकड्याखाली पातळ ॲल्युमिनियमची किंवा शिशाची पट्टी घालतात. तिची वरची कड वरच्या ओळीच्या खाली आणि खालची कड खालच्या ओळीच्या वर येते, म्हणून पाणी पट्टीवरून वाहून पुढच्या कौलावर पडते. येथील जलरोधकता पाण्याला उतरती वाट देण्यावर अवलंबून असते. नुसते सिलिकोन भरून फट बुजविल्यास ते उन्हात सुटते.

पन्हळी पत्र्यावर छिद्र नेहमी उंचवट्यावर पाडतात, खोलगटीत नव्हे, आणि बोल्ट खालच्या कैचीवरील आडव्या तुळईत घेऊन त्याखाली रबरी चकती घालतात.

भरलेली टाकी वाशांवर ठेवत नाहीत. दोन भार पेलणाऱ्या भिंतींवर लोखंडी तुळया टाकून तिला आधार देतात. ते शक्य नसेल तर टाकी खाली ठेवून पंपाने पाणी फिरविण्याची पद्धत स्वीकारतात.

== चाचणी व दोषांची लक्षणे ==

संयंत्र चढविण्यापूर्वी गच्चीची जलचाचणी घेतात. पन्हळींची तोंडे बंद करून सुमारे २.५ सेंटिमीटर पाणी ४८ ते ७२ तास साठवितात आणि खालून छत पाहतात. कोब्यात शिरलेले पाणी आडवे पसरते, त्यामुळे ओलीचा डाग बोल्टच्या नेमका खाली न येता काही हात दूर दिसू शकतो. डागावरून गळतीची जागा ठरविणे म्हणूनच फसवे असते. संयंत्र उभे राहिल्यावर गळती शोधायची असल्यास प्रत्येक ठोकळ्याभोवती वेगवेगळे बांध घालून एकेक करून पाणी साठवावे लागते.

टाकी प्रथम भरल्यावर सांगाडा ओळंब्याने पुन्हा तपासतात. एखादा पाय खचला असल्यास टाकी कलते आणि संग्राहकांतील पाण्याचा प्रवाह मंदावतो. पायाच्या पट्टीखालून उतरणारे तांबूस ओघळ, ठोकळ्याभोवती केसासारखी गोल चीर आणि वाऱ्यात येणारा खडखडाट ही जखडण सुटू लागल्याची लक्षणे आहेत. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी बोल्ट, वाटे आणि पट्ट्या पाहिल्यास हे दोष गळतीपूर्वी ध्यानात येतात.