उत्परिवर्तन चाचणी

उत्परिवर्तन चाचणी (म्युटेशन टेस्टिंग) ही संगणक प्रणालीच्या चाचण्यांचीच परीक्षा घेणारी पद्धत आहे. या पद्धतीत मूळ कोडमध्ये हेतुपुरस्सर एक लहानसा दोष घातला जातो आणि त्यानंतर उपलब्ध युनिट टेस्ट पुन्हा चालविल्या जातात. दोष घालूनही सर्व चाचण्या यशस्वी ठरल्या, तर त्या दोषाकडे त्यांचे लक्षच नव्हते असे सिद्ध होते. दोष घातलेल्या प्रतीस 'म्युटंट' म्हणतात. चाचणी अयशस्वी होऊन दोष उघड झाला तर तो म्युटंट 'मारला गेला' आणि तसे न झाल्यास तो 'वाचला' असे म्हणण्याचा प्रघात आहे.

## पार्श्वभूमी

युनिट टेस्ट म्हणजे एखाद्या फंक्शनला ठरावीक माहिती देऊन मिळालेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहणारा लहान कोड. चाचण्या पुरेशा आहेत की नाहीत हे ठरविण्यासाठी बहुधा कोड कव्हरेज पाहिले जाते. चाचण्या चालू असताना कोडच्या एकूण ओळींपैकी किती ओळी कार्यान्वित झाल्या, हे त्यावरून कळते. मात्र ओळ कार्यान्वित होणे आणि तिचे उत्तर तपासले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फंक्शनला केवळ हाक मारून उत्तराकडे न पाहणारी चाचणीही शंभर टक्के कव्हरेज दाखवू शकते.

## निष्फळ चाचण्या

काही चाचण्या फंक्शन पूर्णपणे बिघडले तरी यशस्वीच ठरतात. ज्या चाचणीत तुलना करणारे `assert` विधानच नाही, ती यांतील सर्वांत साधी होय. अशी चाचणी फार तर फंक्शन मध्येच कोसळले नाही एवढेच सांगते. दुसऱ्या प्रकारात `assert` विधान एखाद्या लूपच्या आत असते, पण लूपला दिलेली यादी रिकामी असल्याने ते एकदाही चालत नाही. तिसरा प्रकार पायथॉन भाषेत आढळतो:

```python
def test_1900():
    assert (is_leap(1900) == False, "1900 लीप वर्ष नाही")
```

येथे कंसामुळे तुलना आणि संदेश मिळून दोन घटकांचा एक टपल तयार होतो. रिकामा नसलेला टपल पायथॉनमध्ये नेहमीच सत्य मानला जातो. त्यामुळे `is_leap` फंक्शनने काहीही उत्तर दिले तरी ही चाचणी यशस्वी होते. पायथॉनमध्ये अशा विधानाबद्दल सूचना दाखविली जाते. तथापि चाचणी त्यामुळे थांबत नाही. बाहेरचा कंस काढून टाकल्यावर विधान अपेक्षेप्रमाणे काम करते.

## उदाहरण : लीप वर्ष

ग्रेगोरियन दिनदर्शिकेनुसार ४ ने भाग जाणारे वर्ष लीप असते. शतकी वर्ष मात्र ४०० ने भाग गेला तरच लीप ठरते. हा नियम पुढीलप्रमाणे लिहिता येतो:

```python
def is_leap(y):
    return y % 4 == 0 and (y % 100 != 0 or y % 400 == 0)
```

समजा, या फंक्शनसाठी दोनच चाचण्या लिहिल्या आहेत : २०२४ लीप आहे आणि २०२३ लीप नाही. दोन्ही यशस्वी होतात आणि कव्हरेजही शंभर टक्के येते, कारण फंक्शनमध्ये एकच ओळ आहे. आता फंक्शनची सहा दोषयुक्त रूपे घेऊन प्रत्येक रूप उघडे पाडणारे एक वर्ष पुढे दिले आहे.

| क्र. | घातलेला दोष | दोष उघड करणारे वर्ष |
|---|---|---|
| १ | पहिल्या `and` ऐवजी `or` | २०२३ |
| २ | `or` ऐवजी `and` | २०२४ |
| ३ | कंसातील संपूर्ण अट वगळली | १९०० |
| ४ | `or y % 400 == 0` वगळले | २००० |
| ५ | `4` ऐवजी `2` | २०२२ |
| ६ | `400` ऐवजी `200` | १८०० |

मूळ दोन चाचण्या यांपैकी पहिले दोनच म्युटंट मारतात. उरलेले चार वाचतात, म्हणजे उत्परिवर्तन गुणांक सहापैकी दोन येतो. १९०० आणि २००० या वर्षांच्या चाचण्या जोडल्यावर तो सहापैकी चार होतो. नियमातील प्रत्येक अट तपासली गेल्यामुळे बहुतेक वेळा येथेच थांबले जाते. परंतु शेवटचे दोन म्युटंट अद्याप शिल्लक असतात. चार वर्षांच्या या संचात ४ ने भाग न जाणारे एकही सम वर्ष नाही, म्हणून `2` चा दोष लपून राहतो. तसेच १९०० ला २०० नेही भाग जात नाही, म्हणून सहावा म्युटंट त्या वर्षी योग्यच उत्तर देतो. १८०० ला २०० ने भाग जातो पण ४०० ने जात नाही. त्यामुळे तेथे तो सापडतो.

तिसऱ्या म्युटंटसारखे वर्तन प्रत्यक्षातही आढळते. मायक्रोसॉफ्ट एक्सेल १९०० हे लीप वर्ष मानते आणि २९ फेब्रुवारी १९०० ही अस्तित्वात नसलेली तारीख स्वीकारते. लोटस १-२-३ या आधीच्या प्रणालीतील ही चूक तिच्याशी सुसंगती राखण्यासाठी एक्सेलमध्ये तशीच ठेवली गेली.

## हाताने करावयाची तपासणी

एखादीच चाचणी तपासावयाची असल्यास विशेष साधनाची गरज नसते. फंक्शनमधील एक चिन्ह वा संख्या बदलावी, चाचणी चालवावी, ती अयशस्वी होते का ते पाहावे आणि बदल मागे घ्यावा. अपयशाचे कारणही वाचणे आवश्यक असते. बदल करताना व्याकरणाची चूक होऊन कोड चाललाच नाही, तर लाल रंगात दिसणारे अपयश चाचणीच्या गुणवत्तेविषयी काहीच सांगत नाही. अपेक्षित आणि प्रत्यक्ष उत्तरांतील तफावतीमुळेच चाचणी अयशस्वी व्हावयास हवी.

मोठ्या प्रकल्पात हे काम साधनांकडून करून घेतात. जावासाठी पिट, पायथॉनसाठी म्युटमट आणि जावास्क्रिप्टसाठी स्ट्रायकर ही अशी साधने आहेत.

## इतिहास

ही कल्पना रिचर्ड लिप्टन यांनी १९७१ मध्ये विद्यार्थिदशेत मांडली. रिचर्ड डीमिलो, लिप्टन आणि फ्रेडरिक सेवर्ड यांच्या १९७८ मधील लेखाने ती सर्वज्ञात झाली. जाणकार प्रोग्रामरचा कोड अचूक कोडच्या जवळपास असतो आणि लहान दोष पकडणाऱ्या चाचण्या बहुतेक गुंतागुंतीचे दोषही पकडतात, ही दोन गृहीतके त्यामागे आहेत.

## मर्यादा

काही म्युटंट मूळ फंक्शनशी समतुल्य असतात. वरील उदाहरणात `400` ऐवजी `16` लिहिले तरी उत्तर कोणत्याही वर्षी बदलत नाही, कारण १०० ने भाग जाणाऱ्या संख्येला १६ ने भाग जात असेल तर ४०० नेही जातोच. असा म्युटंट कोणतीही चाचणी मारू शकत नाही. एखादा म्युटंट समतुल्य आहे की नाही हे अचूक ठरविणारी सर्वसाधारण पद्धत शक्य नसल्याने वाचलेले म्युटंट शेवटी माणसालाच तपासावे लागतात.

दुसरी अडचण वेळेची आहे, कारण प्रत्येक म्युटंटसाठी संबंधित चाचण्या नव्याने चालवाव्या लागतात. त्यामुळे अनेकदा नुकत्याच बदललेल्या ओळींपुरतेच म्युटंट तयार केले जातात.

तिसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. कोड बदलल्याचे चाचणीच्या लक्षात येते की नाही, एवढेच ही पद्धत सांगते. चाचणीतील अपेक्षित उत्तर बरोबर आहे की नाही, हे सांगत नाही. फंक्शनमध्ये फक्त `y % 4 == 0` लिहिले आणि चाचणीतही १९०० हे लीप वर्ष मानले, तर म्युटंट मारले जातील आणि गुणांकही चांगला येईल, परंतु नियम चुकीचाच राहील. म्हणून अपेक्षित उत्तरे फंक्शन चालवून न घेता दिनदर्शिकेच्या नियमासारख्या स्वतंत्र आधारावरून घ्यावी लागतात.