गल्ल्याची घंटा आणि रात्रीचा मेळ

रात्री शटर अर्धं ओढून गल्ला मोजणारे दुकानदार आपण सगळ्यांनीच पाहिलेत. पण मोजलेली रक्कम हा झाला एक आकडा. तो ताडून बघायचा तर दुसरा आकडा हवा, आणि तो आणायचा कुठून? आपल्याकडे तो रोजकीर्दीतून यायचा. सकाळची शिल्लक, त्यात दिवसाची जमा, त्यातून खर्च वजा, उरेल ते पेटीत असायला पाहिजे. अडचण एवढीच की कीर्द लिहिणारा आणि पेटीत हात घालणारा बहुतेक वेळा एकच माणूस. जी विक्री लिहिलीच नाही ती कीर्दीत नाही आणि पेटीतही नाही. मेळ मात्र पैशापैशाला बसतो!

हीच डोकेदुखी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावी जेम्स रिटी नावाच्या गुत्तेवाल्याला होती. गिऱ्हाईक भरपूर, पण हातात काही उरत नाही, कारण नोकर पैसे परस्पर खिशात घालायचे. १८७८ साली हा गृहस्थ बोटीने युरोपला निघाला. बोटीच्या इंजिनखोलीत पंख्याचे फेरे मोजणारं एक यंत्र होतं, ते बघून त्याच्या डोक्यात आलं की पंख्याचे फेरे मोजता येतात तर विक्री का नाही? परत आल्यावर भाऊ जॉनला हाताशी धरून त्याने यंत्र बनवलं आणि १८७९ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. यंत्राचं नाव काय ठेवलं असेल? ‘इनकरप्टिबल कॅशियर’, म्हणजे लाच न खाणारा रोखपाल. नोकरांना काय वाटलं असेल याची कल्पना करा.

पुढच्या एका नमुन्यात कागदाची गुंडाळी होती. ज्या रकमेचं बटण दाबाल त्या रकमेच्या रकान्यात कागदाला भोक पडायचं. रात्री मालक भोकं मोजायचा. पाच सेंटच्या रकान्यात ४० भोकं म्हणजे दोन डॉलर, असं करत दिवसाची बेरीज. आता गंमत बघा. याला आपण पैशाचं यंत्र म्हणतो, पण ते पैसे मोजतच नव्हतं. पैसे किती *असायला हवेत* एवढंच ते सांगत होतं. प्रत्यक्ष किती आहेत ते माणसानेच मोजायचं. रात्रीच्या हिशेबाचा सगळा जीव या दोन आकड्यांच्या वेगळेपणात आहे.

१८८४ साली जॉन पॅटरसनने हा धंदा विकत घेऊन त्याला नॅशनल कॅश रजिस्टर कंपनी हे नाव दिलं. तोवर यंत्राला खण आणि घंटा जोडली गेली होती. विक्रीचं बटण दाबल्याशिवाय खण उघडायचा नाही, आणि उघडला की टण्ण! मालक मागच्या खोलीत असला तरी त्याला कळायचं. रकमेची पाटी वर दिसायची, त्यामुळे गिऱ्हाईकही आपसूक साक्षीदार व्हायचं. अर्थात बटणच न दाबता पैसे घेतले तर यंत्राला काय कळणार? ती पळवाट आजही शाबूत आहे. म्हणून तर विक्री न करता खण किती वेळा उघडला हा आकडा आजची यंत्रं छापतात, आणि हुशार मालक तो आधी वाचतो.

आज दिवसअखेर जी पट्टी निघते तिला झेड रिपोर्ट म्हणतात. एक्स रिपोर्ट नुसता वाचून दाखवतो, झेड वाचतो आणि दिवसाची बेरीज शून्यावर आणतो. मग भर दुपारी गुपचूप झेड काढून ती पट्टी आणि तेवढे पैसे दोन्ही गायब केले तर? याच्यासाठी प्रत्येक झेडला अनुक्रमांक असतो. काल ४१२ आणि आज ४१४ असेल तर ४१३ कुणाच्या तरी खिशात आहे. शिवाय बहुतेक यंत्रांत एक एकूण बेरीज असते, जी झेड काढल्यावरही शून्य होत नाही. लॉग फक्त पुढे लिहायचा, मागचं खोडायचं नाही, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना नंतर सुचलं, असं माझं (थोडं आगाऊ) मत आहे.

आता एक कल्पित रात्र घेऊ. सकाळी सुट्ट्यासाठी पेटीत २,००० रुपये ठेवले होते. झेड म्हणतो विक्री २३,४६०, पैकी रोख १०,४२०, यूपीआय ९,८४० आणि कार्ड ३,२००. दुपारी मालकाने ६,००० काढून तिजोरीत ठेवले, त्याची सही घेतलेली चिठ्ठी आहे. चहा आणि कुरिअरचे १८० गेले, त्यांचंही व्हाउचर आहे. म्हणजे पेटीत ६,२४० हवेत. नोटा लावून, सुटे धरून मोजले तर निघाले ५,७९०. दुसऱ्या माणसाने पुन्हा मोजले, तेवढेच. तूट ४५०.

जुन्या मुनिमांची युक्ती अशी की फरकाला नऊने भाग जातो का बघायचं. जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झालेली असू शकते. ४५० ला जातो. १६० चं बिल ६१० असं पडलं तर बरोबर ४५० चा फरक येतो. बिलं चाळली, तसं एकही सापडलं नाही. नऊची युक्ती कुठे शोधायचं ते सांगते, सापडेलच असं नाही. मग यूपीआयच्या ॲपमधली बेरीज काढली, ती निघाली १०,२९०. झेडपेक्षा ४५० जास्त! संध्याकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी ४५० रुपये आले आहेत आणि त्याच सुमाराचं ४५० चं एक बिल ‘रोख’ म्हणून नोंदलेलं आहे. गर्दीत चुकीचं बटण दाबलं गेलं, बस्स. पैसा कुठे गेलेला नाही. (हे ताडताना दुकान बंद केल्याची वेळ धरायची. ॲपचा दिवस रात्री बारापर्यंत चालतो.) झेडमध्ये खाडाखोड करायची नाही. पट्टी तशीच ठेवायची आणि सोबत लिहायचं: ४५० रोखीतून यूपीआयकडे, बिल क्रमांक अमुक, शोधणाऱ्याची आणि मालकाची सही.

यात एक पथ्य मात्र कडक पाळावं लागतं. ६,२४० हा आकडा मोजणाऱ्याला मोजून होईपर्यंत दिसता कामा नये. आधी मोजणी लिहून सही, मग झेड. आकडा आधी कळला की माणूस नकळतसुद्धा तिथपर्यंत पोचतो. बदमाश माणूस जास्त निघालेले काढून घेतो, भित्रा माणूस कमी पडलेले स्वतःच्या खिशातून भरतो. काउंटरच्या कोपऱ्यात चिल्लरची एक डबी असते बघा, जास्त निघालं की आत, कमी पडलं की बाहेर. अशा दुकानात महिनोन्महिने फरक शून्य येतो. रोज सुट्ट्याचे शेकडो व्यवहार होणाऱ्या ठिकाणी कायम शून्य? मला तरी विश्वास बसत नाही.

डबी का जन्मते हेही उघड आहे. तूट आली की पगारातून कापायची, हा आपल्याकडचा सर्रास रिवाज. वास्तविक १९३६ च्या वेतन कायद्यात आणि नंतरच्या २०१९ च्या वेतन संहितेतही अट आहे: नुकसान थेट त्या कामगाराच्या हलगर्जीमुळे झालं असेल तरच कपात, आणि तीही त्याला आपली बाजू मांडू दिल्यावर. वरच्या उदाहरणात यूपीआय न बघता ४५० कापले असते तर त्या पोराने दोन मिनिटांच्या गर्दीचे पैसे भरले असते, आणि दुसऱ्या दिवसापासून डबी सुरू केली असती.

म्हणून फरकाची वही वेगळी ठेवतात. तारीख, काउंटर, पाळी, कमी की जास्त, किती, कारण सापडलं का. जास्त निघालेलेही तितक्याच काटेकोरपणे लिहायचे, कारण जास्त म्हणजे कुणा गिऱ्हाइकाला सुटे कमी गेले किंवा एखादं बिल पडलंच नाही. एका दिवसाच्या ३० रुपयांवरून काही कळत नाही. महिनाभराने तीच पानं उलटताना दर शनिवारी दोन नंबरच्या काउंटरवर शंभर-दीडशेची तूट दिसली, तर शनिवारी तिथे कोण असतं आणि पाळी बदलताना मधली मोजणी होते का, हे विचारायला जागा मिळते.