गणवेषावरील चिन्हें आणि शिपायाची चाकरी

जालना जिल्ह्यांतील आसई येथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे-भोसल्यांच्या फौजेशीं वेलस्लीची लढाई झाली. तिच्या दोन खुणा पुढें सैनिकांच्या अंगावर आल्या. पहिली हत्तीची. ती तेथें लढलेल्या ७४ व्या हायलंडर्ससारख्या पलटणींस मिळाली व वारशानें चालत राहिली. आजच्या मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावरील हत्ती आसईचाच. दुसरी खूण ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदकाच्या फितीवरील आसईची पट्टी. हें पदक १८५१ सालीं, लढाईनंतर ४८ वर्षांनीं, मंजूर झालें आणि तोंवर हयात राहिलेल्यांसच मिळालें. म्हणून हत्ती पाहून ‘हा आसईस लढला’ असें म्हणतां येत नाहीं, आणि पट्टी नाहीं म्हणून ‘लढला नाहीं’ असेंही म्हणतां येत नाहीं. बिल्ला पलटणीचा, पदक माणसाचें, हा भेद आम्ही सर्वांत आधीं पाहतों.

आतां पहिल्या महायुद्धानंतरचें एक निनांवी छायाचित्र घरच्या पेटींतून निघालें असें समजूं. पदक हातीं असतें तर काठावर कोरलेलें नांव वाचतां आलें असतें; छायाचित्रांत काठ दिसत नाहीं. बाहीवर तीन पट्ट्या आहेत, म्हणजे हवालदार. पण हा हुद्दा छायाचित्राच्या दिवसाचा. युद्धांत तो साधा शिपाईही असेल. खांद्यावर १०३ हा आंकडा आहे, म्हणजे १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री. हा क्रमांक १९२२ सालीं गेला व ती पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन झाली.

छातीवर तीन पदकें आहेत : एक तारा व दोन वाटोळीं. फितींच्या रंगावर मात्र विसंबूं नये. जुन्या कांचांवर तांबडा रंग काळसर व निळा फिकट उमटे, त्यामुळें पुष्कळ जण फसले आहेत. आकार व क्रम पाहावा. तारा १९१४-१५ चा असेल, तर हा मनुष्य १९१५ संपण्यापूर्वीं रणक्षेत्रीं पोंचला होता. शेवटचें विजयपदक १९१९ मध्यें स्थापन झालें, तेव्हां छायाचित्र त्याआधींचें नव्हे. आंकड्यावरून तें १९२२ च्या सुमाराचें किंवा आधींचें ठरतें. अर्थात् पेन्शनरानें जुना गणवेष चढविला नसेल तर. पदकें उजव्या छातीवर दिसलीं व आंकडाही उलटा असला, तर छापच उलटी निघाली आहे असें समजावें.

१०३ वी पलटण मेसोपोटेमियांत होती व कूतच्या वेढ्यांत सांपडली. २९ एप्रिल १९१६ रोजीं तेथील सैन्य शरण गेलें. मग आमचा हवालदार कैदी होता काय? छायाचित्रावरून तें सांगतां येत नाहीं. कूतच्या कैदेची वेगळी पट्टी ह्या पदकांवर नाहीं. शिवाय तो आधींच जखमी होऊन परतला असेल, किंवा दुसऱ्या पलटणींतून युद्ध संपल्यावर येथें बदलून आला असेल. त्याची तारीख लागली, पलटण लागली. कैदेचा प्रश्न मात्र पलटणीच्या दप्तरांतील कैद्यांच्या यादीवांचून सुटत नाहीं.