आधी कोणाचा संच चालवायचा? दाभोळ, कोयना आणि वाशीमच्या रात्रपाळीची वीज

वाशीम जिल्ह्यातल्या गहू-हरभऱ्याच्या शेतकऱ्याला वर्षानुवर्षं मोटारीसाठी वीज मिळाली ती बरेचदा रात्री. पाळीपाळीने, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. थंडीत, अंधारात, सापा-विंचवाच्या भीतीत पाणी द्यायचं. "रात्रीच का?" हा प्रश्न आपण नेहमी राजकारणाच्या अंगाने विचारतो. आज आम्ही तो हिशेबाच्या अंगाने मांडणार आहोत, कारण त्याचं उत्तर वीजकेंद्रांच्या एका रांगेत दडलेलं आहे आणि त्या रांगेला महाराष्ट्रात चांगलाच इतिहास आहे.

आधी रांग समजून घेऊ. वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवता येत नाही, म्हणून ज्या क्षणी जेवढी मागणी, त्या क्षणी तेवढीच निर्मिती लागते. हा मेळ घालायचं काम राज्य भार प्रेषण केंद्र करतं. ते ठाण्याजवळ कळव्याला आहे, आणि विदर्भासाठी त्याचं विभागीय केंद्र नागपुरात अंबाझरीला. तिथे बसलेल्या अभियंत्यापुढे सतत एकच प्रश्न असतो: मागणी वाढली तर कोणाला वाढवू, घटली तर कोणाला कमी करू?

समजा, आपल्याकडे तीन प्रकारची केंद्रं आहेत. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत. खाणीजवळचा कोळसा: २,००० मेगावॅट, इंधनखर्च युनिटला १ रुपया. खाणीपासून लांबचा कोळसा, ज्यावर रेल्वेभाडं चढतं: ३,००० मेगावॅट, दीड रुपया. नाफ्थ्यावर चालणारं केंद्र: ७०० मेगावॅट, ३ रुपये. रात्रीची मागणी ४,५०० आहे. तर खाणीजवळचं केंद्र पूर्ण चालवायचं, उरलेले २,५०० लांबच्या कोळशाकडून घ्यायचे, नाफ्था बंद. संध्याकाळी मागणी ५,५०० झाली, की कोळशाची दोन्ही केंद्रं पूर्ण आणि वरचे ५०० नाफ्थ्याकडून. स्वस्त आधी, महाग शेवटी, आणि प्रत्येकाला त्याच्या क्षमतेची मर्यादा. यालाच वीजक्षेत्रात 'मेरिट ऑर्डर' म्हणतात.

यात एक गोष्ट लक्षात ठेवायची. रात्री आणखी एक युनिट लागलं तर ते दीड रुपयाला पडतं, संध्याकाळी तेच ३ रुपयांना. विजेचा खरा भाव रांगेत शेवटी उभं असलेलं केंद्र ठरवतं. म्हणून यंत्रणा चालवणाऱ्यांच्या दृष्टीने शेतीचा भार रात्रीकडे ढकलणं सोयीचं. रात्री कोळशाचे संच अर्धवट दाबून ठेवलेले असतात, तिथे जागा असते. शेतकऱ्याच्या रात्रपाळीमागे हे गणित होतं.

आता इतिहासाकडे येऊ. तेव्हाच्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने डिसेंबर १९९३ मध्ये एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी वीजखरेदी करार केला. १९९५ मध्ये नव्या युती सरकारने तो रद्द केला, पुढच्या वर्षी नव्या वाटाघाटीतून तो परत उभा राहिला, आणि मे १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची ७४० मेगावॅट वीज सुरू झाली, इंधन नाफ्था. कराराचे दोन भाग होते. केंद्र चालायला तयार आहे एवढ्यासाठी द्यायचा स्थिर आकार, आणि प्रत्यक्ष घेतलेल्या युनिटसाठी इंधनाचा खर्च. पहिला भाग वीज घ्या न घ्या, द्यावाच लागणार होता.

त्याच सुमारास जागतिक बाजारात कच्चं तेल उसळलं. १९९८ च्या अखेरीस पिंपाला १० डॉलरच्या आसपास असलेला भाव २००० मध्ये ३० डॉलरच्या वर गेला. नाफ्था तेलातूनच निघतो, शिवाय पैसे डॉलरच्या हिशेबाने मोजायचे. दाभोळ रांगेत मागे मागे सरकत गेलं. इकडे मंडळाचं स्वतःचं चंद्रपूर केंद्र, २,३४० मेगावॅटचं, कोळशाच्या खाणींना लागून उभं होतं. दाभोळ भरपूर चालवायचं तर रात्री मंडळाचेच स्वस्त संच खाली दाबायला लागणार.

मे २००० मधल्या वीजदर आदेशात राज्य वीज नियामक आयोगाने मंडळाला सांगितलं की वीज मेरिट ऑर्डरने घ्या. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेने दाभोळ कराराचा हिशेब नव्वदीच्या दशकाच्या मध्यापासूनच लोकांपुढे मांडला होता. आता त्या हिशेबाला नियमाचं बळ मिळालं.

आणि मग एक चमत्कारिक गोष्ट झाली. दाभोळची वीज कमी घेतली, तर तिचा दर आणखी वाढला! काही महिन्यांत तो युनिटला ७ रुपयांच्या वर गेला आणि वर्तमानपत्रांत ओरड झाली. पुष्कळांचा समज झाला की मंडळ कमी वीज घेऊन स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतंय. जास्त घेतली असती तर दर उतरला असता. हा युक्तिवाद आजही ऐकू येतो, म्हणून तो नीट उलगडून पाहू.

पुन्हा सोयीचे आकडे घेऊ. स्थिर आकार महिन्याला १०० कोटी, इंधन युनिटला ३ रुपये. केंद्र ९० टक्के चालवलं तर ७४० मेगावॅटमधून ३० दिवसांत साधारण ४८ कोटी युनिट मिळतात. इंधनाचे १४४ कोटी, अधिक स्थिर १०० कोटी, एकूण २४४ कोटी. भागाकार केला की युनिट ५ रुपये ८ पैसे. आता ३० टक्केच चालवलं. १६ कोटी युनिट, इंधनाचे ४८ कोटी, अधिक तेच १०० कोटी, एकूण १४८ कोटी. युनिट सव्वानऊ रुपये. झाली ना वीज महाग?

पण राहिलेली ३२ कोटी युनिटं कुठून आली, ते बघा. ती रिकाम्या बसलेल्या कोळशाच्या संचातून दीड रुपयाने आली, म्हणजे ४८ कोटींत. एकूण खर्च १९६ कोटी. तेवढ्याच ४८ कोटी युनिटांसाठी पहिल्या वाटेने २४४ कोटी जात होते. महिन्याला ४८ कोटी वाचले, आणि वर्तमानपत्रात मात्र दर वाढलेला दिसला. स्थिर आकार दोन्हीकडे सारखाच आहे, तो निर्णयात येतच नाही. तो भागाकारात टाकला की माणूस फसतो. 'कोणाला चालवू' हे ठरवताना फक्त इंधनाचा, म्हणजे बदलणारा खर्च पाहायचा.

अर्थात याची दुसरी बाजूही आहे. मेरिट ऑर्डर ४८ कोटी वाचवते, पण ते १०० कोटी वाचवू शकत नाही. ते सही केली त्या दिवशीच गेले. भार प्रेषण केंद्रातला अभियंता कितीही हुशार असला तरी चुकीचा करार दुरुस्त करू शकत नाही. अखेर मे २००१ मध्ये मंडळाने दाभोळची वीज घेणं थांबवलं आणि केंद्र बंद पडलं. दुसरा टप्पा, आणखी १,४४४ मेगावॅटचा, त्या वेळी उभा राहत होता.

आता तुम्ही विचाराल, स्वस्तच वीज आधी घ्यायची तर कोयना चोवीस तास का चालवत नाहीत? पाण्याला तर इंधनखर्चच नाही. कोयना प्रकल्प १,९६० मेगावॅटचा आहे, पण त्याला दुसरी मर्यादा आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाने कोयनेचं पश्चिमेकडे वळवायचं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी ठरवून दिलं. पाणी मोजकं, म्हणून ते कधी वापरायचं हाच प्रश्न. आपल्या उदाहरणात तेच पाणी रात्री सोडलं तर दीड रुपयाचा कोळसा वाचतो, संध्याकाळी सोडलं तर ३ रुपयांचा नाफ्था वाचतो. म्हणजे फुकटच्या पाण्यालाही किंमत आहे, आणि ती ते पाणी कोणाची जागा घेतं त्यावरून ठरते. म्हणून कोयना मुख्यतः मागणीच्या चढाच्या वेळी चालवतात. तिचे संच काही मिनिटांत भार उचलतात, ही जमेची बाजू. कोळशाच्या मोठ्या संचाला थंड अवस्थेतून यायला कित्येक तास लागतात, आणि तो ठरावीक पातळीच्या खाली दाबता येत नाही. ज्वाला टिकवायला महाग तेल जाळावं लागतं. म्हणून रात्री नुसता भाव पाहून संच बंद करता येत नाहीत, सकाळी तो लागणार आहे का हेही पाहावं लागतं.

आणि रांग संपली तर? आपल्या उदाहरणात तिन्ही केंद्रं मिळून ५,७०० आणि कोयनेचे ५०० धरले तर ६,२०० होतात. मागणी ६,५०० असेल तर ३०० मेगावॅट येणार कुठून? कुठूनच नाही. तेव्हा रांग केंद्रांची राहत नाही, ग्राहकांची होते: आधी कोणाचा फीडर बंद करायचा? २००५ नंतरची काही वर्षं आपण हेच भोगलं. मंडळाचे विभाजन होऊन महावितरण आली ती जून २००५ मध्ये, आणि तुटवडा हजारो मेगावॅटचा. भारनियमनाचे गट करताना वीजगळती आणि वसुली पाहिली गेली. शहरी, कमी गळतीच्या भागाला कमी तास. वाशीम-रिसोडकडच्या खेड्यांसारख्या ग्रामीण फीडरला दहा-बारा तास अंधार. स्वस्त केंद्र आधी हा नियम निव्वळ हिशेबाचा होता. कोणाचा दिवा आधी विझवायचा हा नियम तसा नव्हता, त्यात कोणाचं नुकसान किती हे मोजलं जात नव्हतं. हरभऱ्याचं चुकलेलं एक पाणी कोणत्याही तक्त्यात नव्हतं.

आज परिस्थिती पुन्हा बदलते आहे. कळव्याची मेरिट ऑर्डरची यादी बदलत्या खर्चाप्रमाणे लावली जाते आणि दिवस १५ मिनिटांच्या ९६ तुकड्यांत आखला जातो. यादी पाहायला मिळाली तर बदलत्या खर्चाचा रकानाच पाहा. तिथे वर असलेलं केंद्र एकूण दराने महाग असू शकतं, आणि खाली असलेलं बंद केंद्रही स्थिर आकार घेत असतं.

नवीन गोष्ट सौर विजेची. तिला इंधनखर्च नाही आणि पाण्यासारखी ती राखूनही ठेवता येत नाही. म्हणून दुपारी ती रांगेत सर्वांत पुढे येते आणि कोळशाचे संच खाली दाबावे लागतात. केंद्रीय वीजकेंद्रांसाठी ही खालची पातळी २०१६ मध्ये क्षमतेच्या ५५ टक्के ठरली. म्हणजे पूर्वी जी मोकळी जागा रात्री होती, ती आता दुपारी तयार होते. २०१७ पासूनची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायचं म्हणते, ते शेतकऱ्याच्या सोयीचं आहेच, पण आता ते रांगेच्या हिशेबातही बसतं. ज्या गणिताने आपल्या शेतकऱ्याला रात्री जागवलं, तेच गणित आता त्याला दिवसा पाणी द्या म्हणतंय. आपल्या फीडरला ती वीज दिवसा येते की नाही, एवढं मात्र गावानेच पाहायचं आहे.