नारळ उभा राहतो, तरी बोअर कोरडं का जातं?

जालना : उन्हाळा लागला की जिल्ह्यात बोअरच्या गाड्या फिरू लागतात. त्याआधी बांधावर पानाड्या येतो. तळहातावरचा नारळ उभा राहिला किंवा कडुलिंबाची बेचकी फिरली की तिथं पॉइंट ठरतो.

बेचकी फिरते हे खरं, पण ती हातामुळं. ताणून धरलेली काडी मनगट जरासं कललं तरी वळते आणि धरणाऱ्यालाही ते कळत नाही. जर्मनीतल्या कासेल शहरात १९९० मध्ये सुमारे ३० पानाड्यांची परीक्षा झाली. पुरलेल्या पाइपातून पाणी वाहतंय की नाही, एवढंच सांगायचं होतं. नाणं उडवून सांगावं, तसाच निकाल आला. गावात मात्र पॉइंट 'लागतो', कारण पावसाळ्यानंतर वरच्या मुरमात थोडंफार पाणी बऱ्याच ठिकाणी असतं. ते मे महिन्यापर्यंत टिकेल का, हा खरा प्रश्न आहे.

आपल्याकडं जमिनीखाली लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले आहेत. थरातला घट्ट काळा पाषाण भेगा असल्या तरच पाणी देतो. थराच्या वरच्या बाजूचा छिद्रांचा मांजऱ्या खडक कुजलेला, भेगाळलेला असेल तर पाणी धरतो. हे थर जवळजवळ आडवे असतात, म्हणून भूवैज्ञानिक आधी आजूबाजूच्या विहिरी बघतो.

समजा, शेजारच्या विहिरीत ३० ते ४५ फुटांवर मांजऱ्या दिसतो आणि मे महिन्यात तिथं पाणी असतं. आपलं शेत त्या विहिरीपेक्षा २० फूट उंचावर असेल, तर तोच थर आपल्याकडं साधारण ५० ते ६५ फुटांवर येईल. मग उतार बघायचा. माथ्यावर पाणी थांबत नाही. नाल्याकाठच्या खोलगट जागेत मुरूम जाड असतो आणि पाणी मुरतं.

शेवटी यंत्र लागतं. जमिनीत चार सळ्या ठोकतात. बाहेरच्या दोन सळ्यांतून वीज सोडून आतल्या दोनमध्ये दाब मोजतात. बाहेरच्या सळ्या लांब नेल्या की खोलवरची माहिती मिळते. ओला, कुजलेला खडक विजेला कमी अडवतो, कोरडा काळा पाषाण जास्त. पण चिकण काळी मातीही कमीच अडवते, त्यामुळं नुसत्या आकड्यावर जाऊन फसगत होते. आकडा विहिरीतल्या थरांशी जुळला, तरच पॉइंट धरायचा.

यातही खात्री नसते. अरुंद भेग दोन-चार फुटांनी हुकते. मात्र भूवैज्ञानिक किती फुटांवर कोणता थर लागेल आणि कुठं थांबायचं, हे आधीच सांगू शकतो. खाली जाल तशा भेगा सहसा कमी होतात. अपेक्षित थर कोरडा निघाला आणि पुढं काळा पाषाणच लागत राहिला, तर '५०० फुटांपर्यंत जाऊ' म्हणणं म्हणजे बहुतेकदा फुटामागं पैसे घालवणं. शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हेच काम करते. गाडी बोलावण्याआधी तिथं विचारणा करावी आणि शेजारच्या विहिरींचे थर लिहून न्यावेत.