तांबड्या पेशींचे विकृत आकार

रक्ताचा थेंब काचपट्टीवर पातळ पसरून लिशमन रंगाने रंगवला की निरोगी तांबड्या पेशी गोल, सुमारे ७ ते ८ मायक्रोमीटर व्यासाच्या आणि मधोमध फिक्या दिसतात. हा आकार बिघडलेला दिसला, तर आधी तो रक्तातलाच आहे की पट्टी करताना झाला, हे ठरवावे लागते. म्हणून पेशी जेमतेम एकमेकींना टेकलेल्या असतात तोच भाग वाचतात. शेपटाकडच्या विरळ भागात चांगल्या पेशीही चपट्या दिसतात.

तातडीचा निरोप असतो तो शिस्टोसाइटचा, म्हणजे तुटलेल्या पेशीचा. बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या झाल्या की त्यांतून वाट काढताना पेशी चिरल्या जातात. तुकडे त्रिकोणी, शिरस्त्राणासारखे किंवा दोन शिंगांचे असतात आणि त्यांत मधला फिकेपणा बहुधा राहत नाही. किमान १००० पेशी मोजतात. इतर आकार फारसे बिघडलेले नसताना प्रौढ माणसात तुकडे १ टक्क्याहून अधिक भरले, तर सूक्ष्म वाहिन्यांतील गुठळ्यांचा संशय पक्का होतो. समजा, ताप आणि असंबद्ध बोलणे घेऊन आलेल्या बाईचे हिमोग्लोबिन ७.५, प्लेटलेट १२,००० आणि १००० पेशींत ३४ तुकडे आहेत. प्रोथ्रॉम्बिन काळ लांबलेला असता, तर रक्तभर गोठणाऱ्या डीआयसीकडे बोट गेले असते. तो नॉर्मल असल्याने टीटीपी हा आजार पुढे येतो. त्यात एडीएएमटीएस-१३ हे विकर जवळजवळ संपलेले असते. त्याच्या तपासणीसाठी नमुना आधी घेतात, पण अहवालाची वाट न पाहता प्लाझ्मा बदलायला सुरुवात करतात. कृत्रिम हृदयझडपेमुळेही पेशी तुटतात; मात्र तिथे प्लेटलेट सहसा इतक्या घसरत नाहीत.

टार्गेट पेशीत आतल्या हिमोग्लोबिनच्या मानाने आवरण जास्त असते, म्हणून फिक्या भागाच्या मधोमध गडद ठिपका उमटतो. थॅलसेमिया, हिमोग्लोबिन सी किंवा ई, तुंबलेली कावीळ आणि प्लीहा काढल्यानंतरची अवस्था ही नेहमीची कारणे. दमट हवेत पट्टी सावकाश वाळली तरी असे ठिपके दिसू शकतात.

अश्रूच्या आकाराच्या पेशीला एकच शेपूट असते. सोबत अपक्व पांढऱ्या आणि केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी असतील, तर अस्थिमज्जेत तंतू वाढल्याचा किंवा कर्करोग पसरल्याचा विचार करतात. थॅलसेमियातही या पेशी आढळतात. सगळ्यांच्या शेपट्या एकाच दिशेला वळलेल्या असतील, तर तो पसरवणाऱ्या हाताचा दोष समजून पट्टी पुन्हा करावी.

फिकेपणा हरवलेल्या गोल स्फेरोसाइटचे कारण आनुवंशिक असू शकते किंवा प्रतिपिंडे पेशींवर चिकटलेली असू शकतात. कूम्ब्स चाचणी दोहोंत फरक करते. विळ्यासारख्या पेशी विदर्भात आणि नंदुरबारकडे अनेकदा दिसतात. पण सिकलसेलच्या नुसत्या वाहकाची पट्टी बहुधा स्वच्छ असते, त्याला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीच लागते.